गच्चीची गळती: सोसायटीला दुसरं स्मरणपत्र कसं लिहावं? (मदत हवी आहे)

शलाका_ठाणे: फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. बेडरूमच्या छताला ओल आली म्हणून 24 जूनला सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली, 20 जुलैला ईमेलवर आठवण केली. आता सप्टेंबर संपत आला, ओल दोन फुटांची साडेचार फूट होऊन पंख्याच्या पॉइंटपर्यंत पोचली, तरी कशालाच उत्तर नाही. रोज जिन्यात भेट होते, त्यामुळे कटुता नको आहे. काय लिहू?

स्लॅबवाला: भाषा मऊ ठेवा, मागणी मोघम नको. 'लवकरात लवकर लक्ष घालावे' असं लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही. पाहणीचा दिवस मागा. असं चालेल:

"मा. सचिव यांस, स. न.
24 जूनची तक्रार व 20 जुलैची आठवण यांच्या प्रती सोबत आहेत. कामाच्या गडबडीत त्या राहून गेल्या असाव्यात. जूनमध्ये दोन फूट असलेली ओल आता साडेचार फूट झाली असून पंख्याच्या पॉइंटपर्यंत पोचली आहे. गच्चीच्या पाहणीचा दिवस कृपया 10 ऑक्टोबरपर्यंत कळवावा. रविवारी मी घरी असते. हा विषय कमिटीच्या येत्या सभेत घ्यावा, ही विनंती."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. आणि त्या पंख्याचा एमसीबी आजच बंद करा.

नाना७१: गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चाने व्हायला हवी, आदर्श उपविधींतच आहे. मेंटेनन्स थांबवा, धावत येतील.

स्लॅबवाला: खर्चाचं बरोबर आहे, नाना. पण मेंटेनन्स थांबवला की त्या थकबाकीदार ठरतील, वर व्याज चढेल. मग सभेत गळतीऐवजी थकबाकीवरच बोलणं होईल.

प्राची_के: आमच्या बाथरूमचं छत बारा महिने ठिबकतं. हेच पत्र देऊ का?

स्लॅबवाला: नको. वरच्या घराच्या बाथरूममधून झिरपत असेल तर ती दुरुस्ती त्या सदस्याने करायची असते. पत्र त्यांना द्या, प्रत कमिटीला.

शलाका_ठाणे: एक सांगायचं राहिलं. त्याच कोपऱ्यावर पाण्याची टाकीही आहे. मग पावसाचंच पाणी आहे हे कसं कळणार?

स्लॅबवाला: ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. आठवडाभर पाऊस नसतानाही ओल रेघेबाहेर गेली, तर आधी टाकी आणि तिचे पाइप तपासायला लावा. ओल आखडली तर संशय गच्चीवर. मग पाऊस पूर्ण उघडल्यावर कमिटीने पाणी जायचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास साठवून पाहावं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा वाटा तडकलेला असला तर बहुतेक तिथूनच उतरतं. नुसतं वरून डांबर फासलं तर पुढच्या पावसात पुन्हा हेच.

नाना७१: मला तरी टाकीच वाटते.

शलाका_ठाणे: रेघ मारली. पत्रात टाकीचं लिहू?

स्लॅबवाला: 'त्याच कोपऱ्यावर टाकी आहे' एवढंच लिहा. कारण तुम्ही ठरवलंत तर सगळे त्यावरच वाद घालतील आणि पाहणी राहून जाईल.