मदत हवी आहे : शंभराचे साठ उरले, तरी काळे पतंग ‘वाढले’ कसे?

खानापूरची बाई
मी खानापुरात घरी शिकवण्या घेते. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता पीयूसीला इंग्रजीतून जीवशास्त्र, अशी मुलं येतात. उत्क्रांतीच्या धड्यातली मँचेस्टरच्या पतंगांची गोष्ट त्यांना कळते. कारखान्यांच्या धुरानं खोडांवरचं दगडफूल मेलं, खोडं काळवंडली, पांढरट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले. तिथं काळा पतंग पहिल्यांदा नोंदला गेला 1848 मध्ये आणि 1895 पर्यंत शंभरातले सुमारे 98 काळे झाले.

अडतं ते गणितात. मी मनानंच आकडे घेतले : 1000 पतंग, त्यात 100 काळे, 900 पांढरे. अंडी घालेपर्यंत काळ्यांतले 60 टक्के वाचतात, पांढऱ्यांतले 30 टक्के. लगेच एक मुलगी म्हणाली, “बाई, शंभराचे साठ झाले म्हणजे काळे कमीच झाले की ओ.” हे फळ्यावर कसं मांडाल? आणि पांढरे शेवटी संपतात का?

निपाणीवाला
सोपं आहे. भागाकार 1000 नं करायचा नाही, वाचलेल्यांनी करायचा. काळे 60, पांढरे 270, मिळून 330. 60 भागिले 330 म्हणजे 18 टक्के. दहाचे अठरा झाले. दर पिढीला आठ-आठ वाढवत चला, बाराव्या पिढीत पांढरे खलास.

कडोलीकर
आमच्या कोबीवर पण हेच चाललंय बघा. चौकोनी ठिपक्याचा पतंग. पहिल्यांदा औषध मारलं तेव्हा अळी पटापट पडत होती, आता तेच औषध अंगावर घेऊन पानं खायालीय. किड्याला सवय होते, दुसरं काय. कुठलं औषध मारू सांगा.

घटप्रभाकाठचा
बाई, निपाणीवाल्यांची पहिली पायरी बरोबर, दुसरी नाही. वाचलेल्या 330 जणांची अंडी पुढची पिढी भरून काढतात. ती पुन्हा हजाराची धरली तर काळे 182, पांढरे 818. आता त्यांच्यावर तीच चाळण : 109 आणि 245 वाचले, म्हणजे काळे जवळजवळ 31 टक्के. त्यापुढं 47, 64, 78, 88. वाढ आधी आठची, मग तेराची, मग सोळा-सतराची, आणि पुढं पुन्हा मंदावते.

टक्के सोडून प्रमाण लिहायला लावा. काळे-पांढरे 1:9 होते. काळे दुप्पट वाचतात, म्हणून 2:9, 4:9, 8:9, 16:9. पोरांना तोंडी येतं. त्या मुलीचं उत्तरही इथंच आहे : मेले दोघांतलेही, पण पांढरे जास्त प्रमाणात मेले. एकही पतंग रंग बदलत नाही, बदलतो तो वाटा.

कडोलीकर काका, तुमच्या कोबीतही सवय कुणाला होत नाही. औषध पचवणाऱ्या थोड्या अळ्या आधीच होत्या. बाकीच्या तुम्ही मारल्यात, पुढची पिढी यांची.

निपाणीवाला
बरं, मंदावते. पण दहा पिढ्यांनी 1024:9. हजारात नऊ पांढरे. ते संपायला किती वेळ?

घटप्रभाकाठचा
या आकडेमोडीत ‘पोरं बापासारखीच’ असं धरलंय. खऱ्या पतंगांत काळा रंग प्रभावी. पांढरं दिसायला आई-बाप दोघांकडून पांढरं जनुक यावं लागतं. समजा शंभरात एकच पांढरा उरला. दोन्हीकडून पांढरं येण्याची शक्यता एक शतांश, म्हणजे ते जनुक दहात एक. एकीकडून पांढरं, दुसरीकडून काळं अशांचा हिशेब 2 × 0.1 × 0.9, म्हणजे 18 टक्के. हजारात दहा पांढरे उघड्यावर, आणि 180 जण काळ्या पंखांआड तेच जनुक घेऊन उडतायत. पक्ष्याला फक्त ते दहा दिसतात. म्हणून शेवटचा टप्पा भयंकर रेंगाळतो. पुढं इंग्लंडची हवा निवळली तेव्हा पांढरे परत वाढले, त्याचं बीज असंच टिकलेलं.

खानापूरची बाई
प्रमाणाची युक्ती उद्याच फळ्यावर. पण 60 आणि 30 हे आकडे मुलांना फार सोयीचे वाटतील ना? खरा फरक दुपटीचा होता का?

घटप्रभाकाठचा
हाल्डेननं 1924 मध्ये उलटा हिशेब केला होता : इतक्या वर्षांत इतके काळे व्हायचे तर फरक किती हवा? उत्तर आलं साधारण दीडपट. या पतंगाची पिढी वर्षाला एकच, तेवढं लक्षात ठेवा. पण जागा बदलली की आकडा बदलतो.

निपाणीवाला
परीक्षेत एवढं कोण विचारतंय? साधी आकडेमोड पुरे. जनुकं काढलीत तर पोरं दोन्ही विसरतील.

घटप्रभाकाठचा
मला पटत नाही. ‘पांढरे संपले’ लिहून येतात ती याच आकडेमोडीमुळं.

कडोलीकर
अहो, माझ्या औषधाचं?

घटप्रभाकाठचा
काका, बाटलीवरचं घटकाचं नाव वाचा. कंपनी वेगळी आणि घटक तोच असेल तर चाळण तीच राहते. वेगळ्या गटातलं हवं. कुठलं, ते कृषी खात्यातल्या माणसाला अळी दाखवून विचारा.