निबंधातली तीन कारणं: मार्क नेमके कुठे कापायचे?

चिमणबागकर: भाची अकरावीत आहे. तिच्या निबंधाचं म्हणणं असं: इंदुरात रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांचा दंड दुप्पट करावा. कारणं तीन. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं आहे. आमच्या गल्लीतल्या तीन दुकानदारांना दंड झाला आणि त्यांनी बाहेर कचरा टाकणं बंद केलं. आणि दंडाशिवाय आपल्याकडे कुणी ऐकत नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. बाईंनी तिन्हींपुढे ‘तर्क कमकुवत’ एवढाच शेरा मारलाय. संबद्धता, पुरेसेपणा, ग्राह्यता या कसोट्या वर्गात झाल्यात. कोणतं कारण कुठे अडतं?

विजयनगरवाला: सोपं आहे. खरं काय, खोटं काय, तेवढं बघा. पहिलं खरं, दुसरं खरं, तिसरं फेकलंय. एकाचेच मार्क कापा.

सुदामानगर_काकू: विजयनगर, तिसऱ्याबद्दल तुमचं बरोबर, पण पहिलं खरं असूनही कामाचं नाही. शहर आधीच पहिलं असेल तर दंड वाढवायचा कशाला, असंही त्याच वाक्यावरून कुणी म्हणेल. जे वाक्य दोन्ही बाजूंना सारखंच चालतं, ते तिच्या बाजूचं कारण होत नाही. अडतंय ते संबद्धतेत.

आता तिच्या मनात बहुधा असं असेल की इंदूर पहिलं आलं ते दंडामुळे. ते वाक्य मध्ये घातलं की कारण मुद्द्याला लागतं, पण मग त्या नव्या वाक्याला ग्राह्यतेच्या दारातून जावं लागेल. घरोघरी येणारी कचरागाडी, ओला-सुका वेगळा करणं, देवगुराडियाचा रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प, यांना बाजूला सारून श्रेय एकट्या दंडाला कसं द्यायचं? 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेबरोबर पहिला नंबर वाटून घेतला, तोही दंडामुळेच का? एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतं, आणि तेच तिला दाखवायला हवं.

दुकानदारांचं कारण मला तिघांत सगळ्यात चांगलं वाटतं. डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून ग्राह्य आहे. पण एका गल्लीतले तिघेच, आणि तेही दुकानदार. रात्री सराफ्यात खाऊन द्रोण टाकून जाणाऱ्याला हे लागू होईल का? शिवाय ते थांबले ते आत्ताच्याच दंडाने. म्हणजे यातून फार तर दंड होत राहावा एवढं निघतं. ‘दुप्पट’ कुठून आलं? निष्कर्षातला हा एक शब्द झाकून बघा, पुरावा एकदम पुरेसा वाटायला लागतो.

छावणीतला: दंड वगैरे सगळं नाटक आहे हो! चहाचा कप डबा भरला होता म्हणून शेजारी ठेवला, तर माझीच पावती फाडली. आधी डबे वाढवा, मग दुप्पट करा.

चिमणबागकर: भाऊ, इथे दंडावर मत मागितलेलं नाही.

सुदामानगर_काकू: असू दे. निबंधात न आलेली बाजू यांच्याकडेच आहे. डबा भरलेला असला तर दंड वाढवून कप कुठे जाणार? पुरेसेपणा नुसती संख्या मोजून ठरत नाही, विरुद्ध बाजूचा ठळक आक्षेप घेतलाय का, हेही त्यातच येतं. तिने घेतलेला नाही.

विजयनगरवाला: ठीक, संबद्धता मान्य. पण ग्राह्यता मला अजून पटत नाही. कुणाला ग्राह्य? बाईंना? मग मार्क बाईंच्या मूडवर. त्यापेक्षा ‘खरं आहे का’ हाच प्रश्न सरळ.

सुदामानगर_काकू: खरं असलेलं वाक्यही निबंधात अग्राह्य असू शकतं, कारण वाचणाऱ्याला ते खरं मानायला काही दिलेलंच नसतं. वाचणारा कोण, तर दंडवाढ नको म्हणणारा समंजस माणूस. त्याने ‘कशावरून?’ विचारलं तर उत्तर निबंधात हवं, किंवा ती गोष्ट इतकी सर्वमान्य हवी की त्याने विचारूच नये. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ हे उत्तर नव्हे, प्रश्न थांबवायची युक्ती आहे. त्यात ‘कुणीच’ म्हटल्यावर स्वतःहून कचरा वेगळा करणारं एक घर पुढे आलं की वाक्य कोसळलं.

लष्कर_ग्वाल्हेर: मी अकरावीचेच पेपर तपासतो. काकू, पहिल्या कारणात तुम्ही स्वतः वाक्य घालून मुलीला मदत केलीत. कागदावर जे नाही ते मी धरत नाही. संबद्धता नाही, शून्य, पुढे. नाहीतर प्रत्येक निबंध परीक्षकच लिहील.

सुदामानगर_काकू: मार्क तुम्ही म्हणता तसे द्या, हरकत नाही. पण शेरा लिहिताना ते वाक्य घालून दाखवा. नाहीतर मुलगी पुढच्या वेळी खरीखुरी माहिती गाळून टाकेल, आणि तिला वाटेल चूक माहितीत होती.

लष्कर_ग्वाल्हेर: गठ्ठा उचलून बघा एकदा, मग शेऱ्यांचं बोलू.

चिमणबागकर: भाची म्हणते, ‘दुप्पट’ काढून ‘दंड नियमित व्हावा’ करते, आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या दुकानांत विचारून येते. चालेल?

विजयनगरवाला: दंड न होताही जे थांबलेत, त्यांनाही विचार म्हणावं. नाहीतर हवं तेच ऐकून परत येईल.