मदत हवी आहे: चालण्याच्या कॅलरी आणि मोबाईलचं चार्जिंग

मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी विचारतोय: चालण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेत मोबाईल किती वेळा पूर्ण चार्ज होईल? मी रोज कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास भरभर चालतो. वजन ७० किलो, घड्याळ १५० किलोकॅलरी दाखवतं. एक किलोकॅलरी म्हणजे १.१६ वॅट-तास, म्हणून १७४ झाले. मोबाईलची बॅटरी ५००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण १९ वॅट-तास. आधी चार्जरचे ५ व्होल्ट धरून २५ काढले होते, ती चूक सुधारली. भागाकार नऊ येतो.

अडचण पुढे आहे. नुसतं बसूनही अर्ध्या तासात ३५ किलोकॅलरी जातातच. त्या वजा केल्या तर उत्तर सात येतं. घड्याळाचा आकडा एकूण खर्चाचा आहे असं धरलंय. चार्जिंगमधली गळती सध्या सोडलीय. तक्त्यावर ‘चालण्यामुळे’ असं लिहायचं, तर नऊ बरोबर की सात?