मदत हवी आहे: अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि बाबांची रात्रीची सोनामुखीची गोळी चालेनाशी झाली

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांचा आहे. वय 69, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता घरीच असतात. बद्धकोष्ठाचा त्रास जुना. वर्षभरापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोन-तीनदा रात्री सेनोसाइडच्या दोन गोळ्या घेतात. एका गोळीत 12 मिलिग्रॅम असं पट्टीवर लिहिलंय. वेळ इतकी ठरलेली की रात्री दहाला गोळी घेतली की सकाळी सहा-साडेसहाला, चहा व्हायच्या आत, पोट साफ.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांची दाढ सुजली, पू झाला. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवस दोन अँटिबायोटिक दिली: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि मेट्रोनिडॅझोल. दाढ बरी झाली, पण तेव्हापासून सोनामुखीची गोळी घेऊन काही होतच नाही. पट्टी तीच, डबा तोच. शुक्रवारी दोन घेतल्या, काही नाही. काल रात्री मला न सांगता चार घेतल्या. आता सकाळचे नऊ वाजलेत, अजून काही नाही.

गोळ्या उन्हाने खराब झाल्या असतील का? आमच्या माडीवर मे महिन्यात अक्षरशः भट्टी असते. की अँटिबायोटिकचा संबंध आहे? आज रात्री पुन्हा द्यायची का?

एरंडेलवाले_आबा
गोळीचा दोष नाही बघा. सोनामुखीचा कडूपणा पोटात उतरला की आतड्याच्या नसा चाळवतात, त्यानेच होतं. वडील जेवून लगेच घेत असतील, म्हणून जोर कमी पडतो. उपाशीपोटी, कोमट पाण्यातनं द्या. नाहीतर चमचाभर एरंडेल द्या, दोन-तीन तासांत काम होतंय की.

वनस्पतीचे_सर
आधी महत्त्वाचं. उलटी आहे का? पोट फुगून कडक झालंय का? वारा सरतो का? शौचात रक्त? यातलं काहीही असेल तर इथे वाचत बसू नका, बाबांना डॉक्टरकडे न्या. आणि आज रात्री गोळी देऊ नका. कालच्या चार गोळ्या अजून वाटेत आहेत.

दाढदुखीसाठी वेदनाशामक कोणतं दिलं होतं? पट्टी बघून नाव लिहा. बीपीची गोळी चालू असेल तर तीही.

आता आबांच्या मुद्द्याविषयी. मी फार्मसी कॉलेजात 28 वर्षं वनौषधी शिकवल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एरंडेल लवकर काम करतं हे तुमचं बरोबर आहे, कारण ते लहान आतड्यातच फुटतं. सोनामुखीचं तसं नाही. पानातलं सेनोसाइड जठरात काहीच करत नाही, लहान आतड्यातही नाही. ते जसंच्या तसं पुढे सरकतं.

आपल्याकडची भुईमुगाची शेंग डोळ्यांसमोर आणा, दोन दाण्यांची. सेनोसाइडचा रेणू साधारण तसा असतो. आत दोन जुळे भाग एकमेकांना चिकटलेले आणि प्रत्येकावर ग्लुकोजचं एकेक टरफल. हे टरफल काढायचं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात कामाचं नाही. ते मोठ्या आतड्यातल्या जंतूंकडे असतं. ते एकेक करून दोन्ही ग्लुकोज सोलतात, मग दुसरे काही जंतू जुळे दाणे एकमेकांपासून सोडवतात. काही वेळा उलटंही होतं, आधी दाणे सुटतात आणि टरफल नंतर निघतं. शेवटी हाती येतं ते ऱ्हाइन-अँथ्रोन. खरं रेचक तेच. पान किंवा गोळी हा फक्त कच्चा माल.

म्हणूनच रात्री दहाची गोळी सकाळी सहाला लागते. तेवढे तास मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला आणि सोलणी व्हायला लागतात. उपाशीपोटी घेऊन ते काम जठरात होणार नाही.

जुळेसोलापूरकर
सर, मनापासून आभार. उलटी नाही, वारा सरतो, पोट थोडं जड आहे पण कडक नाही, रक्त नाही. वेदनाशामकाच्या पट्टीवर ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल लिहिलंय. ठणका लागला की अजूनही रात्री एक घेतात. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड आहे.

म्हणजे अँटिबायोटिकने ते सोलणारे जंतूच मेले असं समजू का?

मोहोळची_वैशाली
ताज्या सोनामुखीची पानं सोलापुरात कुठे मिळतील? मला सोनामुखीच्या चहाने वजन उतरवायचंय. दोन महिने रोज घेते, सकाळी हलकं वाटतं पण काटा हलत नाही आणि फार थकवा येतो. पान कमी पडतंय का?

वनस्पतीचे_सर
वैशालीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण तो सोडून देववत नाही. वर लिहिलं तसं, सोनामुखीचं काम मोठ्या आतड्यात सुरू होतं. भाकरीतली, तेलातली, साखरेतली ताकद त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. तुम्ही घालवताय ते पाणी आणि क्षार. थकवा त्यातूनच येत असू शकतो. कृपया पान वाढवू नका. दोन महिने रोज घेतलंय म्हणजे चहा बंद करून एकदा रक्तातलं पोटॅशियम बघून घ्या. पानाच्या चहात डोस किती उतरला हे मोजताही येत नाही, गोळीत निदान आकडा तरी असतो.

जुळेसोलापूरकर, जंतू मेले हे शक्य आहे, नक्की नाही. मेट्रोनिडॅझोल नेमकं हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर चालतं, आणि मोठ्या आतड्यात बहुतेक वस्ती अशाच जंतूंची असते. टरफल सोलणारे काही बायफिडोबॅक्टेरियम जातीचे असतात, त्यांना अमॉक्सिसिलिनचा फटका बसतो. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना सेनोसाइड दिलं तर जुलाब होत नाहीत. त्यांच्या आतड्यात योग्य जंतू सोडले की होतात. त्यामुळे जंतूंवाचून ही गोळी चालत नाही याबद्दल शंका नाही.

पण मला संशय ट्रामाडॉलचाही तितकाच आहे. ते आतड्याची चाल मंद करतं. अँटिबायोटिक संपून नऊ दिवस झाले, आणि ट्रामाडॉल अजून चालू आहे. शिवाय अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकने पुष्कळांना उलट जुलाबच होतात. एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या की दोष कुणाचा ते वेगळं काढता येत नाही.

उन्हाविषयी म्हणाल तर गोळ्या थंड, कोरड्या जागी ठेवा हे खरंच. पण पंधरवड्यापूर्वी त्याच पट्टीतली गोळी चालत होती, म्हणून मी त्याला शेवटचा नंबर देईन.

एरंडेलवाले_आबा
सर, हे मला ठाऊक नव्हतं. पण मग एक सांगा, ते दाणे सुटल्यावर तरी आतड्याला चाळवतात का नाही? आमच्या आजीचं म्हणणं अगदीच खोटं कसं असेल?

वनस्पतीचे_सर
आजींचं अर्धं खरं आहे, आबा. ऱ्हाइन-अँथ्रोन तयार झाल्यावर मोठं आतडं जोरात ढकलू लागतं, पोटात मुरडा येतो तो त्यानेच. पण निम्मं काम पाण्याचं. उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की ऱ्हाइन-अँथ्रोन आतड्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज पेशींना चेतवतं. त्यांतून प्रोस्टाग्लॅंडिन ई-2 सुटतं, आणि त्याच्या सांगण्यावरून शेजारच्या पेशी पाणी आत ओढणाऱ्या आपल्या नळ्या कमी करतात. त्या नळ्यांचं नाव ॲक्वापोरिन-3. मग पाणी मळातच राहतं आणि तो मऊ होतो.

ग्लुकोजचं टरफल निसर्गाने फार सोयीचं दिलंय. ऱ्हाइन-अँथ्रोन उघडंच तोंडाने दिलं तर वाटेतच बरंचसं शोषलं जातं, ऑक्सिजनने बदलतंही. टरफलामुळे माल मोठ्या आतड्यापर्यंत शाबूत पोचतो.

नर्सताई_बार्शी
दवाखान्यात आम्ही बघतो, गोळी लागू पडली की काही पेशंटची लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. बाबांची सध्या कशी आहे? रंग आला असेल तर गोळी आत फुटतेय असं समजायला हरकत नाही.

जुळेसोलापूरकर
ताई, कोर्स चालू असताना गडद होती, आता साधी पिवळी.

दुपारी अडीचची बातमी: दीड वाजता एकदम मुरडा आला, आणि तासाभरात चार वेळा जावं लागलं. शेवटचं तर पाणीच होतं. घाम आला, हात थरथरत होते. मी फार घाबरलोय. काल रात्री दहापासून मोजलं तर साडेपंधरा तासांनी.

वनस्पतीचे_सर
हीच भीती होती. गोळी चालत नव्हती असं नाही, उशिरा चालली. आणि चालली तेव्हा आत 48 मिलिग्रॅम होतं. आता ओआरएस थोडं थोडं पाजा, आडवं पडू द्या. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड आधीच लघवीतून पोटॅशियम घालवतं, त्यात हे जुलाब. आजच डॉक्टरांना दाखवा, सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. छातीत धडधड किंवा चक्कर आली तर लगेच निघा.

नर्सताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, ऱ्हाइन लघवीतून जातं आणि रंग देतं. पण मेट्रोनिडॅझोलनेही लघवी गडद होते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं तरी होते. बाबांच्या बाबतीत त्या खुणेवर मी विसंबणार नाही.

नर्सताई_बार्शी
हो, मेट्रोनिडॅझोलचं लक्षात आलं नाही. मग दही, ताक देऊन जंतू लवकर परत येतील ना? आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

वनस्पतीचे_सर
ताक जरूर द्या, पाणी आणि मीठ दोन्ही जाईल. पण विरजणातले जंतू आणि सेनोसाइड सोलणारे जंतू एकच नव्हेत, तेव्हा ताकाने गोळी पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही. आतड्यातली वस्ती आपोआप सावरते, प्रत्येकाला लागणारे दिवस वेगळे.

जुळेसोलापूरकर
सहा दिवसांनी लिहितोय. त्या संध्याकाळी पोटॅशियम 3.4 आलं. डॉक्टर म्हणाले किंचित कमी आहे, शहाळं आणि केळी द्या, चार दिवसांनी परत तपासू. परत तपासलं तेव्हा 3.9. दातांच्या डॉक्टरांना फोन करून ट्रामाडॉल बंद करून घेतलं, आता नुसतं पॅरासिटामॉल. पोटाच्या गोळीसाठी डॉक्टरांनी सांगितलं की दोनच, तेही तीन दिवस थांबून, आणि उशीर झाला तरी वर एकही नाही.

काल रात्री दहाला दोन दिल्या. बाबा सहाला उठून बसले होते, मी म्हटलं थांबा, घाई नको. साडेआठला पोट साफ झालं, मुरडा नाही.

सर, म्हणजे जंतू परत आले की ट्रामाडॉल गेल्याचा गुण?

वनस्पतीचे_सर
दोन्ही एकदमच बदललं, त्यामुळे मला सांगता येणार नाही. पुढच्या दोन-तीन वेळा घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. साडेआठचं हळूहळू साडेसहावर आलं तर जंतूंची वस्ती सावरत असेल असा अंदाज करता येईल. ट्रामाडॉलचा परिणाम एव्हाना उतरलेला असणार.

जुळेसोलापूरकर
कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केलीय. पट्टी आता माझ्या कपाटात असते.