मदत हवी आहे: हे पनीर आहे, टोफू आहे की स्टार्च घातलेलं, पनीरसारखं दिसणारं ॲनालॉग?

सायली_प: बाबांना मधुमेह आहे, म्हणून जेवणात पनीर वाढवलंय. या वेळी दोन वेगळे तुकडे घरात आले आहेत. एक सुटा आहे, दुसरा पाकिटातला. सुटा पांढराशुभ्र, सुरीने कापला तर कड काचेसारखी गुळगुळीत. बोटाने दाबला की पुन्हा फुगून वर येतो आणि कुस्करला तरी दाणे सुटत नाहीत. पाकिटावर पुढे पनीरच्या भाजीचं चित्र आहे. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: मिल्क सॉलिड्स, खाद्य वनस्पती तेल (पामोलीन), स्टार्च, इमल्सिफायर ४७१, आम्लता नियंत्रक ३३०. दर १०० ग्रॅमला प्रथिनं ९, कर्बोदकं १४, फॅट १८ ग्रॅम, कोलेस्टेरॉल ०. यातलं बाबांना काय देऊ?

रानवारा: आयोडीन टाका, एका मिनिटात निकाल. निळंकाळं झालं तर भेसळ, नाही झालं तर अस्सल. एवढं वाचत बसायची गरजच नाही.

गोरस: मी दुग्धपदार्थांच्या तपासणीत बरीच वर्षं काम केलंय. सायली, पाकिटाचं उत्तर तुम्हीच टाइप केलंय. पनीरच्या घटकांत दूध किंवा दुधाचे घन पदार्थ आणि ते फाडायला सायट्रिक किंवा लॅक्टिकसारखं आम्ल, एवढंच असायला हवं. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, त्याबद्दल तक्रार नाही. पण पामोलीन आणि स्टार्च दिसले की ते ॲनालॉग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून तेल दुसऱ्या क्रमांकावर असणंही बोलकं आहे.

आकडेही तेच सांगतात. साध्या पनीरमध्ये १०० ग्रॅमला प्रथिनं साधारण १८ ग्रॅमच्या आसपास असतात आणि कर्बोदकं अगदी थोडी. इथे प्रथिनं निम्मी आणि कर्बोदकं १४ ग्रॅम, म्हणजे बाबांच्या दृष्टीने नेमकं उलटं. आणि १८ ग्रॅम फॅट असून कोलेस्टेरॉल शून्य, हे दुधाच्या फॅटमध्ये शक्यच नाही. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. आयोडीन स्टार्च सांगतं, पनीर सांगत नाही. पामतेल आणि दुधाची भुकटी वापरून स्टार्चशिवायही ॲनालॉग बनतं, ते निळं होणार नाही. टोफूही सहसा होत नाही.

सायली_प: मग सुट्या तुकड्याचं काय करू? त्याला लेबलच नाही.

गोरस: आयोडीन करून बघा, पण नीट. बाहेरच्या थराला कॉर्नफ्लोअर लागलेलं असू शकतं, म्हणून आतला भाग घ्या. थोड्या पाण्यात उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम पाण्यात निळा रंग टिकत नाही. मग औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. आयोडीनचा स्वतःचा पिवळट तपकिरी रंग राहिला तर स्टार्च नाही, गडद निळा आला तर आहे. तो तुकडा खाऊ नका.

मीठमोहरी: माझ्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. ॲनालॉग दुधाचं नसतं ना, मग तिला चालेल?

गोरस: नाही! सायलीच्या पाकिटात पहिलाच घटक मिल्क सॉलिड्स आहे. ॲनालॉगमध्ये दुधाची प्रथिनं सर्रास असतात. ॲलर्जन लिहिलेली ओळ वाचल्याशिवाय काहीही देऊ नका. टोफू सोयाबीनचा असतो, पण त्यावरही दुधाबद्दल इशारा आहे का ते बघा आणि सोयाही ॲलर्जन आहे हे डॉक्टरांशी बोला.

तांदळाचीपेज: टोफू ओळखायला सोपा आहे, आमच्याकडे तोच जास्त असतो. रंग पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर आणि कच्चा असताना भिजवलेल्या सोयाबीनसारखा वास. पाकिटावर सोयाबीन, पाणी आणि सोयादूध गोठवणाऱ्या क्षाराचा ५१६ किंवा ५११ असा क्रमांक असतो. पनीरला कोमट पाण्यात ठेवलं की दुधाचा गोडसर वास सुटतो, टोफूला नाही. पण गोरस, दाबल्यावर वर येणारं सगळंच नकली का? कमी फॅटचं पनीरही मला रबरासारखं लागतं.

गोरस: बरोबर. स्किम दुधाचं किंवा जास्त दाबलेलं पनीरही चिवट होतं. म्हणून पोताला मी फक्त संशयाचं कारण मानतो. सायलीच्या तुकड्यात काचेसारखी कड आणि न सुटणारे दाणे ही दोन्ही लक्षणं एकत्र आहेत, त्यामुळे मला तो ॲनालॉगकडे झुकलेला वाटतो. दुधाच्या पनीरचा तुकडा मोडला की सहसा आत बारीक दाणेदार थर दिसतो.

सायली_प: पाणी गार करून आयोडीन टाकलं. सुटा तुकडा निळा झाला नाही, तपकिरीच राहिला. मोडल्यावर आतूनही गुळगुळीतच. वास जवळपास नाहीच. पाकीट मात्र शाईसारखं निळं झालं.

रानवारा: मग सुटा चांगला की!

गोरस: इतकंच कळलं की त्यात स्टार्च नाही. स्टार्चशिवायचं ॲनालॉग आणि कमी फॅटचं पनीर यांतला फरक घरी सांगता येणार नाही. फॅट दुधाचं की पामचं हे प्रयोगशाळेतच कळतं. विकणाऱ्याकडे मूळ पुडक्यावरचं लेबल दाखवायला सांगा.

सायली_प: उद्या विचारते. तोवर बाबांना दोन्ही देत नाही.