जिन्यातला रिचार्जेबल बल्ब ऐनवेळी लागत नाही, मदत हवी आहे

जिन्यात ९ वॅटचा बॅटरीवाला एलईडी बल्ब लावलाय. रात्री वीज गेली की तो कधी अर्ध्या तासात विझतो, कधी लागतच नाही. आई गुडघेदुखीमुळे कठडा धरून उतरते, म्हणून काळजी वाटते.

माझ्या मते चूक जागेची आहे. हा बल्ब बटण चालू असतानाच चार्ज होतो आणि पूर्ण चार्जिंगला ८ ते १० तास लागतात. जिन्यातला दिवा आम्ही संध्याकाळी जेमतेम दोन तास लावतो. शिवाय बटण बंद असताना वीज गेली, तर तो लागणारच नाही.

म्हणून हा बल्ब स्वयंपाकघरात हलवून जिन्यात कायम चालू असलेल्या सॉकेटवर आपोआप लागणारा इमर्जन्सी लाइट बसवायचा विचार आहे. पण सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावं की साध्या? इन्व्हर्टरच्या लाइनवर असला, तर इन्व्हर्टर बंद पडल्यावरच तो लागेल ना? साध्या लाइनवर घेतला तर वीज जाताच लागेल, पण दीर्घ भारनियमनात इन्व्हर्टरच्या आधीच संपेल.

आणि डोळ्यांवर उजेड न येता पायऱ्यांच्या कडा दिसाव्यात, तर किती उंचीवर लावावा? कुणी असा बसवलाय का?