'फॉल-ऑफ'ला काय म्हणावं: घसरण, उतार की ओसर?

निळी रेघ
गाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या पट्ट्यांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे, ब्राउझरमध्ये चालतो. त्याच्या सेटिंगची नावं मराठीत हवी आहेत. दोन शब्दांपाशी अडले आहे: 'स्मूदिंग' आणि 'फॉल-ऑफ'. सध्या 'गुळगुळीतपणा' आणि 'घसरण' असं लिहून ठेवलंय. मुळात दोन वेगळे शब्द लागतात का, हीच शंका आहे, कारण माझ्याकडे स्लायडर एकच आहे. तो वाढवला की पट्ट्यांची थरथर कमी होते आणि त्या खालीही सावकाश येतात. मग एकाच गोष्टीची ही दोन नावं आहेत का?

कोशकीटक
'घसरण' काढून टाका. भावाची घसरण, दर्जाची घसरण. त्यात काहीतरी बिघडल्याचा सूर आहे. इथे पट्टी खाली येणं हा दोष नाही. शास्त्रीय लेखनात 'क्षय' रुळलेला आहे, तो घ्या. 'गुळगुळीत' हा पृष्ठभागाचा गुण आहे, हालचालीचा नाही. आणि 'पट्टी' तुम्ही बारला वापरलात तर बँडला काय म्हणणार? त्यासाठी 'कंप्रता पट्ट' म्हणावं लागेल.

भीमपलास
पट्टी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पेटी येते. 'काळी चारची पट्टी' म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज कुठला ते. तुमच्या स्क्रीनवर 'पट्टी बदला' असं बटण असेल तर मला वाटेल गाण्याचाच सूर बदलणार. आणि वर जाण्याखाली येण्याला आपल्याकडे आरोह-अवरोह असताना 'क्षय' कशाला? ऐकूनच खोकला येतो.

खटका
भीमपलास, पट्टीबद्दल पटलं, आरोहाबद्दल नाही. सूर चढला म्हणून या चित्रात कुठलीच पट्टी उंच होत नाही, उजवीकडची दुसरी पट्टी उठते. आरोह इथे डावीकडून उजवीकडे जातो. उंची म्हणजे त्या भागातला जोर.

निळी रेघ, तुमचा मूळ प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. त्या गोष्टी दोन आहेत, आणि तुम्ही त्या एकाच स्लायडरला बांधल्यात म्हणून शब्दही एकमेकांत मिसळताहेत. तो स्लायडर थेट `smoothingTimeConstant`ला जोडलाय ना? किती ठेवलाय?

निळी रेघ
हो, तोच. मुळात 0.8 असतो, पण ते फार फडफडतं म्हणून 0.95 केलाय. आता दिसायला शांत आहे, पण ढोलाचा ठोका पडला तरी पट्टी जागची फारशी हलत नाही. डिंकात रुतल्यासारखी वाटते.

खटका
तसंच होणार. 0.95चा अर्थ असा की दर फ्रेमला जुन्या मापाचे 95 टक्के आणि नव्याचे फक्त 5 टक्के घ्यायचे. समजा गाण्यात मिनिटाला 120 ठोके आहेत, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. ठोक्याचा जोरकस भाग 50 मिलिसेकंद टिकला, तर सेकंदाला 60 फ्रेमच्या हिशेबाने तुमच्या हाती तीन फ्रेम येतात. तीन फ्रेममध्ये माप खऱ्या जोराच्या 14 टक्क्यांपर्यंतच पोचतं, म्हणजे शिखर जवळजवळ 17 डेसिबलने हुकतं. मग पुढच्या ठोक्यापर्यंत 27 फ्रेम मिळतात, त्यात पट्टी खाली येते जेमतेम 12 डेसिबल. अख्ख्या पट्टीची उंची 70 डेसिबलची आहे (काही बदललं नसेल तर -100 ते -30), म्हणजे ती पाचव्या भागाइतकीही उतरत नाही. वर पोचत नाही, खाली येत नाही. हाच तुमचा डिंक.

कारण हा आकडा चढताना आणि उतरताना सारखाच लागू होतो. डोळ्याला मात्र चढ ताबडतोब हवा असतो आणि उतार सावकाश.

रेडिओवाला
हे आम्ही डायोड लावून करायचो! टेपरेकॉर्डरसाठी LM3915 घालून दहा दिव्यांची रांग बनवली होती, दर दिवा 3 डेसिबलचा. डायोडमधून कपॅसिटर पटकन भरायचा, पण डायोड उलट जाऊ देत नसल्यामुळे रिकामा व्हायचा फक्त रेझिस्टरमधून. 1 मायक्रोफॅरड आणि 220 किलोओम, म्हणजे 0.22 सेकंद. एकदा दुकानातून आणलेला डायोड आतून शॉर्ट निघाला, तेव्हा दिवे वर जातात तसेच लगेच खाली येत होते. दोन संध्याकाळी मी आयसीलाच दोष देत बसलो. आमच्यात याला 'डिस्चार्ज' म्हणायचे, मराठी शब्दाची कधी गरज पडली नाही.

खटका
रेडिओवाले, तुमचा डायोड म्हणजे कोडमधली एक तुलना:

```js
const k = Math.exp(-dt / tau);
y = x > y ? x : x + (y - x) * k;
```

`x` म्हणजे आत्ताची उंची, `y` म्हणजे पडद्यावर दिसणारी. नवी उंची जास्त असेल तर थेट तिथे जायचं, कमी असेल तर वेळ घेत यायचं. हे करताना `smoothingTimeConstant` शून्य करा, नाहीतर आधीचा डिंक आत तसाच राहील. `dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, `tau` म्हणजे खाली यायला किती वेळ द्यायचा ते, दोन्ही मिलिसेकंदांत. `tau` 150पासून सुरू करा: साधारण दर 100 मिलिसेकंदांत उंची निम्मी होते, आणि वरच्या 120 ठोक्यांच्या गाण्यात पुढच्या ठोक्याआधी जेमतेम पाच टक्के उरते. पट्टीला पुन्हा उठायला जागा मिळते.

कोशकीटक
म्हणजे क्षयच झाला की. घातांकी क्षय. आणि तो 0.8 वाला आकडाही तेच करतो, दर वेळी गुणिले 0.8. दोन्हीकडे पट्टी आधी भरभर आणि मग रेंगाळत खाली येत असणार.

खटका
गणित बरोबर, चित्र चूक. 0.8ने गुणणं होतं ते मूळ मापावर, डेसिबल करण्याच्या आधी. आवाज एकदम थांबला असं धरलं, तर दर फ्रेमला 0.8ने गुणणं म्हणजे दर फ्रेमला 1.94 डेसिबल वजा करणं. आणि पट्टीची उंची डेसिबलमध्ये आहे. म्हणून ती पट्टी एकाच वेगाने, लिफ्टसारखी खाली येते. वरच्या कोडमध्ये मात्र गुणाकार थेट उंचीवर होतो, तिथे तुम्ही म्हणता तसं रेंगाळणं दिसतं.

तिसरा प्रकार गुरुत्वाकर्षणाचा. खाली येण्याचा वेग दर फ्रेमला वाढवत न्यायचा. पट्टी क्षणभर वर लटकते आणि मग कोसळते.

माझ्या मते तीन चालींना मराठीत तीन क्रियापदं तयारच आहेत. एका वेगाने येते ती *उतरते*. आधी भरभर आणि मग रेंगाळत येते ती *ओसरते*, पुराच्या पाण्यासारखी. आधी हळू आणि मग वेगात येते ती *पडते*. 'क्षय' म्हटलं की यातली कुठली चाल ते कळतच नाही.

भीमपलास
'ओसरणे' फार सुंदर. सूज ओसरते, गर्दी ओसरते. तंबोऱ्याच्या तारेचा नादही ओसरतोच.

कोशकीटक
'ओसरणे' मान्य. पण सेटिंगला नाम लागतं, क्रियापद नाही. 'ओसर' असं नाम कोशात मिळेलही, पण बोलण्यात कोण वापरतं? त्यापेक्षा 'उतार' बरा, सगळ्यांना कळतो. ताप उतरतो तोही हळूहळूच.

खटका
उतार म्हटलं की मला रस्ता आठवतो. पण इथे मी अडून बसत नाही. लेबलमध्ये वेळ आली पाहिजे, एवढाच आग्रह: 'ओसरायला लागणारा वेळ', मिलिसेकंदांत. 0.8सारखा आकडा कुणाला दाखवू नका. तो फ्रेमवर अवलंबून असतो, वेळेवर नाही. दर वेळी माप मागितलं की एकदा गुणला जातो. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर पूर्ण पट्टी 0.6 सेकंदात खाली येते, तर 144 हर्ट्झच्या स्क्रीनवर पाव सेकंदात.

निळी रेघ
अच्छा! माझ्या भावाच्या मशीनवर 'तुझ्या पट्ट्या घाबरल्यासारख्या करतात' असं तो म्हणायचा, मी त्याच्या ग्राफिक्स कार्डला नावं ठेवत होते.

तुमच्या दोन ओळी टाकून बघितल्या. ठोका आता अचूक उमटतो. पण बासरीचा लांब सूर असताना पट्टीचा वरचा काठ बारीक थरथरतो, कारण चढताना तिला काहीच अडवत नाही. म्हणजे 'स्मूदिंग' हवंच ना?

खटका
हवं, पण थोडं. चढालाही वेळ द्या, 20 ते 30 मिलिसेकंद, त्याच सूत्राने. ठोक्याचं टोक किंचित कापलं जाईल, पण डोळ्याला ते खटकत नाही. 50च्या पुढे गेलात तर ढोल मागून येतोय असं वाटायला लागेल. आवाज बंद करून हे कळत नाही, गाणं लावून टाळी वाजवत बघा.

शेजारच्या पट्ट्यांची थोडी सरासरी घेऊन आकृतीची रेघ मऊ करणं हे वेगळं काम. त्याला 'गुळगुळीत' शोभतं, कारण तिथे खरंच पृष्ठभाग दिसतो. वेळेतल्या स्मूदिंगला मी 'स्थिरता' म्हणेन.

रेडिओवाला
'स्थिरता' कशाला, 'थरथर' लिहा. स्लायडर डावीकडे नेला की थरथर कमी. माणसाला जे दिसतं तेच नाव.

निळी रेघ
'थरथर' घेते. आणखी एक शंका, ही शब्दाची नाही. 40 हर्ट्झपासून 16,000पर्यंत 32 पट्ट्या केल्यात, प्रत्येक आधीचीच्या 1.2 पट. डावीकडच्या चार-पाच पट्ट्या जुळ्यांसारख्या एकत्र वरखाली होतात.

कोशकीटक
हे मला माहीत आहे, `fftSize` वाढवा, म्हणजे एका मापासाठी आवाजाचे जास्त नमुने घ्या. 2048चं 8192 करा, सुटेल.

खटका
अर्धं सुटेल. मापात कंप्रतांचे सारख्या रुंदीचे खाने पडतात; 44,100च्या नमुनादराला 2048 म्हणजे दर खाना 21.5 हर्ट्झचा. तुमची पहिली पट्टी 40 ते 48, फक्त 8 हर्ट्झ रुंद. साधारण 100 हर्ट्झच्या खाली प्रत्येक पट्टी एका खान्यापेक्षा अरुंद आहे, म्हणून त्या एकच खाना वाटून घेतात. 8192 केलं तर खाने 5.4 हर्ट्झचे होतात, पण त्यासाठी आवाजाचा 186 मिलिसेकंदांचा तुकडा लागतो, आधी 46 पुरत होते. ढोल पुन्हा पसरट आणि उशिरा. खालच्या चार-पाच पट्ट्यांच्या जागी दोनच ठेवा, नाहीतर शेजारच्या दोन खान्यांमधली किंमत प्रमाणात काढा. दुसऱ्या उपायाने चित्र सुधारतं, माहिती वाढत नाही.

भीमपलास
खाना म्हणताय ते 'बिन'ला? हा शब्द कुणी ठरवला?

खटका
मीच, आत्ता. 'कप्पा' म्हणायचं तर म्हणा.

कोशकीटक
'कप्पा'च बरा. आणि पट्ट्यांना 'खांब' म्हणा, म्हणजे 'पट्टा' बँडसाठी मोकळा राहील आणि पेटीवाल्यांचाही गोंधळ होणार नाही.

निळी रेघ
खांब, पट्टा, कप्पा, थरथर एवढं ठरलं. 'ओसर' की 'उतार' ते अजून नाही; तूर्त 'ओसरण्याचा वेळ' लिहून ठेवलंय. आणि खांबाच्या डोक्यावर जो ठिपका थोडा वेळ थांबून मग पडतो, त्याला मी कोडमध्ये 'टोपी' म्हणते. स्क्रीनवर ते चालेल का?

रेडिओवाला
आमच्या रांगेत तो सुटा लाल दिवा असायचा. टोपी चालेल.

कोशकीटक
'शिखर' लिहा हो. टोपी घालणे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.